दुकान पुन्हा कधी उघडणार?

श्रावण संपत आला की मुंबई, ठाणे, डोंबिवलीच्या गल्ल्यांत बंद शटरवर कागद दिसू लागतात. ‘गणपतीनिमित्त दुकान बंद राहील.’ पिठाची गिरणी, शिंप्याचं दुकान, केस कापण्याचं सलून, भाजणी-मसाल्याचं छोटं दुकान. मालक कोकणातला असला की चतुर्थीला तो गावी जाणारच. गिऱ्हाईकाचीही त्याबद्दल तक्रार नसते. त्याला एवढंच कळायला हवं असतं की दुकान उघडणार कधी. आणि बहुतेक पाट्यांवर नेमकं तेच लिहिलेलं नसतं.

‘चार दिवस बंद’ असं लिहिलं तर कोणत्या दिवसापासूनचे चार? ‘उद्यापासून बंद’ ही पाटी परवा वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. ‘३ तारखेपर्यंत बंद’ वाचून निम्मी गिऱ्हाइकं तीन तारखेलाच डबा घेऊन येतात आणि शटरकडे बघून परत जातात.

‘गौरी-गणपती विसर्जनापर्यंत बंद’ ही पाटी तर दरवर्षी घोटाळा करते. गौरी तिथीवर नाही, नक्षत्रावर येतात: अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. त्यामुळे चतुर्थीपासून मोजलं तर विसर्जनाचा दिवस दरवर्षी सारखा येत नाही. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि गौरी गेल्या १२ तारखेला, म्हणजे सहाव्या दिवशी. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आणि गौरी विसर्जन २ सप्टेंबरला, सातव्या दिवशी. मागच्या वर्षीचीच पाटी काढून पुन्हा चिकटवली, तर दुकानदाराचाही हिशेब एका दिवसाने चुकतो. ज्यांच्या घरी गौरी नसतात, त्यांना तर विसर्जन कधी हे कॅलेंडर काढूनच बघावं लागतं.

यातली खरी अडचण कळायला पिठाच्या गिरणीचं उदाहरण घ्यावं. समजा, डोंबिवलीतला एक गिरणीवाला २०२५ च्या गणपतीला रत्नागिरीकडे निघाला आहे. चतुर्थी बुधवारी. घराची साफसफाई, मूर्ती आणणं, माटवी बांधणं यासाठी तो सोमवारी, २५ ऑगस्टला निघतो. मंगळवारी, २ सप्टेंबरला गौरी-गणपती पोचवून बुधवारी परतीचा प्रवास, आणि गुरुवारी, ४ तारखेला गिरणी सुरू. म्हणजे सलग दहा दिवस पट्टा फिरणार नाही.

चौघांच्या घरात गव्हाचा पाच किलोचा डबा आठवडा-दहा दिवस पुरतो. गव्हाचं पीठ तेवढं टिकतंही, म्हणून जाण्याआधी दळून ठेवलं की भागतं. पण ज्वारी-बाजरीचं तसं नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जातं, भाकरी थापताना कडा चिरतात. बाजरीचं पीठ पावसाळी हवेत लवकर कडवट होतं. ज्या घरात रोज भाकरी लागते, त्या घराला दहा दिवसांचं पीठ एकदम दळून चालत नाही. त्यांना मधल्या काळासाठी दुसरी गिरणी शोधावीच लागते.

शिवाय याच आठवड्यात मोदकांची पिठी लागते. त्यासाठी तांदूळ धुऊन, फडक्यावर पसरून सावलीत वाळवावा लागतो, आणि भाद्रपदाच्या तोंडावरच्या दमट हवेत त्याला दीड-दोन दिवस सहज जातात. रविवारी, २४ तारखेला गिरणीचा शेवटचा दिवस असेल, तर तांदूळ निदान शुक्रवारी धुवायला हवा. शनिवारी संध्याकाळी पाटी लावून उपयोग नाही. तोवर उशीर झालेला असतो. गिरणीवाल्याचीही पंचाईत होते. पिठी गव्हाच्या घाण्यावर लगेच दळता येत नाही, आधी जातं साफ करून घ्यावं लागतं. शेवटच्या दिवशी सगळे एकदम आले, तर रांग लागते, आणि घाईत कुणाच्या पिठीत कुणाचा गहू मिसळतो.

म्हणून गिरणीची पहिली पाटी १५ ऑगस्टच्या सुमारास लागायला हवी, आणि ती अशी असावी:

‘गणपतीनिमित्त गिरणी सोमवार २५ ऑगस्ट ते बुधवार ३ सप्टेंबर बंद राहील. गुरुवार ४ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता सुरू होईल. मोदकांची पिठी शनिवार २३ तारखेपर्यंतच दळून मिळेल. ठेवलेले डबे रविवारी रात्री ८ पर्यंत घेऊन जावेत.’

प्रत्येक तारखेला वार जोडलेला आहे, आणि उघडण्याचा दिवस स्वतंत्र वाक्यात आहे. हे शिकायला लांब जायला नको. मराठी वर्तमानपत्रं सणाच्या सुट्टीआधी चौकट छापतात, तिच्यात अमुक दिवशी अंक निघणार नाही, एवढंच नसतं. पुढचा अंक कोणत्या दिवशी, तेही असतं.

डब्यांची ओळ गिरणीसाठी फार महत्त्वाची. दळून ठेवलेले चार-पाच डबे मागे राहिले, तर दहा दिवस बंद जागेत पिठात किडे होतात, आणि दोष गिरणीवर येतो. जाताना गिरणीवालाही जातं, चाळणी आणि पोतं झटकून साफ करतो, ते याचसाठी. शिंप्याच्या पाटीवर अशीच ओळ तयार कपडे नेण्याबद्दल हवी. दूधवाला तर दहा दिवस बंद ठेवूच शकत नाही. त्याला बदली माणूस आणि त्याचा फोन नंबरच द्यावा लागतो.

उघडण्याचा दिवस ठरवताना साप्ताहिक सुट्टीही बघावी. १९४८ च्या जुन्या कायद्याने दुकानांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागे. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने सगळे दिवस दुकान उघडं ठेवायला मुभा दिली. कामगाराला मात्र आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते. तरी बऱ्याच गल्ल्यांत जुना ठरलेला वार अजून पाळला जातो. गावाहून परतण्याचा दुसरा दिवस नेमका तोच असेल, तर तारीख एक दिवस पुढेच लिहावी.

पाटी कुठे लावायची, यातही चुका होतात. शटरवर कागद चिकटवला की दुकान उघडं असताना तो शटरबरोबर वर गुंडाळला जातो. म्हणजे ज्या दिवसांत गिऱ्हाईक येतं, त्याच दिवसांत पाटी दिसत नाही. एक कागद आठ-दहा दिवस आधीपासून काट्याजवळ, पैसे देताना नजर जाईल तिथे हवा, आणि दुसरा शेवटच्या रात्री बंद शटरवर. स्केचपेनची शाई पावसाच्या एका सरीत ओघळते. जाड मार्करने लिहून वरून प्लॅस्टिक लावलं की टिकते. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ज्याच्या फोनमध्ये दुकानाचा नंबर सेव्ह नसेल, त्याला तो निरोप पोचतच नाही. म्हातारी माणसं तर पाटीवरच अवलंबून असतात. गूगलच्या नकाशावर दुकान असेल, तर तिथे सुट्टीच्या दिवसांची वेगळी वेळ नोंदवता येते, तीही नोंदवावी.

तारखा लिहिल्या तर चोरांना आमंत्रण, अशी भीती काही दुकानदारांना वाटते. ती खोटी नाही. पण बंद शटर चोरालाही दिसतंच. तारीख लपवून नुकसान रोजच्या गिऱ्हाइकाचं होतं. गल्ल्यात रोकड ठेवू नये, शेजारच्या दुकानदाराला सांगून जावं, आणि घरही बंद आहे हे पाटीवर लिहू नये. एवढी काळजी घेतली की तारखा खुशाल लिहाव्यात.

२०२६ मध्ये गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. गावी जाणाऱ्या गिरणीवाल्याने काट्याजवळची पहिली पाटी सप्टेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच लावावी.