ऑइलचं वय किलोमीटरवर ठरत नाही

खडी क्रशरवर दिवसभर चालणाऱ्या टिप्परचं ऑइल कधी बदलायचं, असं विचारलं की बहुतेक मालक किलोमीटरचा आकडा सांगतात. गॅरेजचा मिस्त्री डिपस्टिक बाहेर काढतो, ऑइल अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहतो आणि ‘काळं पडलंय, आता बदला’ म्हणतो. या दोन्ही पद्धती टिप्परच्या बाबतीत फसव्या आहेत, आणि दुसरी तर जास्तच. डिझेल इंजिनात ताजं ऑइल टाकलं तरी थोड्याच तासांत ते काळं होतं. जळालेल्या डिझेलची काजळी इंजिनात साचू न देता स्वतःत तरंगत ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे. काम करणारं ऑइल काळंच असणार.

आधी ऑइलची निवड पाहू. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात, दर्जा आणि जाडी. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ ट्रकच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, म्हणजे डीपीएफ. अडकलेली काजळी उष्णतेने जाळून तो स्वतःला मोकळा करतो. पण ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही. थोडं ऑइल नेहमीच इंजिनात जळतं, आणि त्याची राख फिल्टरच्या बारीक छिद्रांत कायमची बसते. म्हणून अशा गाडीला सीके-४ दर्जाचं ऑइल लागतं. त्यात राखेचं प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवलेलं असतं. जुन्या बीएस-३ टिप्परला सीआय-४ प्लस चालतं, सीके-४ टाकलं तरी बिघडत नाही. उलटं मात्र करू नये. यार्डात एकच ड्रम ठेवायचा असेल तर तो सीके-४चा ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पुस्तिकेत त्याहून वेगळं काही लिहिलं असेल, तर अर्थात पुस्तिकेचंच ऐकावं.

जाडीच्या बाबतीत एक समज घट्ट रुजलेला आहे: लोड जास्त, तर ऑइल जाड हवं. मग १५डब्ल्यू-४० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं जातं. भार खरा पडतो तो क्रँकच्या बेअरिंगवर. तिथे ऑइलचा पातळ थर प्रचंड दाबाखाली सरकत असतो आणि तापमान खूप चढलेलं असतं. त्या अवस्थेतलं ऑइल प्रयोगशाळेत १५० अंशांना तपासतात, आणि सीके-४ला तिथे ३.५ची किमान मर्यादा पाळावी लागते. त्यामुळे भाराची सोय दर्जातच झालेली असते. जास्त जाड ऑइल सकाळी थंड इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोहोचतं आणि पंपालाही जड जातं. १५डब्ल्यू-४० मधला १५ हा आकडा थंडीतल्या वागण्याचा आहे, आणि आपल्याकडची हिवाळ्यातली पहाट त्याच्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

आता बदलीची मुदत. समजा, पुस्तिकेत महामार्गावरच्या ट्रकसाठी ४०,००० किलोमीटर लिहिलंय. हा ट्रक न्हावा शेव्याहून कंटेनर घेऊन नागपूरकडे जातो. सरासरी वेग ताशी ५० धरला तर ४०,००० किलोमीटरला इंजिन ८०० तास चालतं. लिटरला चार किलोमीटर पडत असतील, तर तेवढ्यात १०,००० लिटर डिझेल जळतं.

तेच इंजिन टिप्परमध्ये बसवलेलं आहे. क्रशर ते साइट बारा किलोमीटर, दिवसाला चार खेपा, म्हणजे ९६ किलोमीटर. पण इंजिन सुरू असतं दहा तास. लोडरपुढच्या रांगेत, वजनकाट्यावर, हौदा उचलताना, चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ते चालूच असतं. डिझेल दिवसाला ६० लिटर. या गाडीचे ४०,००० किलोमीटर व्हायला ४१६ दिवस लागतील. तोवर इंजिन ४,१६० तास चाललेलं असेल आणि २५,००० लिटर डिझेल जळलेलं असेल. ओडोमीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतील, पण टिप्परच्या ऑइलने पाचपट तास आणि अडीचपट डिझेल सोसलेलं असेल.

मग तास धरायचे की डिझेल? जळलेलं डिझेल भार मोजतं, कारण काजळी आणि आम्ल त्याच्याच प्रमाणात तयार होतात. त्या हिशेबाने टिप्परचे १०,००० लिटर १६६ दिवसांत, सुमारे १,६६० तासांत पुरे होतात. पण रिकामं घुरघुरणारं इंजिन डिझेल कमी पितं आणि ऑइल मात्र बिघडवतं. ते पुरेसं तापत नाही, अर्धवट जळालेलं डिझेल रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. हे नुकसान डिझेलच्या हिशेबात दिसत नाही, तासांत दिसतं. म्हणून दोन्ही आकडे काढावेत आणि जो आधी येईल तो पाळावा. इथे ८०० तास आधी येतात, म्हणजे ८० दिवस, जेमतेम ७,७०० किलोमीटर. पुस्तिकेत खडतर कामाचा रकाना वेगळा असतो, आणि खाण-क्रशरचं काम त्यातच मोडतं. तिथे ५०० तास लिहिले असतील तर सुरुवात ५००नेच करावी. वॉरंटी असेपर्यंत त्यापुढे जाऊच नये.

पुढे मुदत वाढवायची की घटवायची, हे ऑइलचा नमुनाच सांगतो. नमुना गरम ऑइलचा घ्यावा. चेंबरचा बोल्ट काढल्यावर पहिली धार जाऊ द्यावी, मधल्या धारेखाली स्वच्छ कोरडी बाटली धरावी. तळाचा गाळ बाटलीत आला की अहवाल बिघडतो. त्याच ड्रममधल्या कोऱ्या ऑइलचाही एक नमुना पाठवावा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आपल्या टिप्परचा ५०० तासांचा अहवाल समजा असा आला. १०० अंशांना जाडी १४.६ होती, ती १४.१ झाली. ४० ग्रेडची खालची मर्यादा १२.५ आहे, म्हणजे डिझेलची भेसळ फारशी नाही. आम्ल मारण्याची ताकद, म्हणजे टीबीएन, १०.२ वरून ६.८ वर आली. ती निम्म्यावर येईपर्यंत सहसा काळजी नसते. काजळी दीड टक्क्याच्या आत आहे. एवढंच वाचलं तर मुदत सहज ६५० तास करावीशी वाटेल.

पण याच कागदावर सिलिकॉन ३८ आहे. कोऱ्या ऑइलमध्ये ते ५ होतं, कारण फेस मारणाऱ्या द्रव्यात थोडं सिलिकॉन असतंच. बरोबर ॲल्युमिनियमही चढलंय. ही जोडी एकत्र चढली की ती बहुधा दगडाची धूळ असते. लोह अजून हाताबाहेर गेलेलं नाही, पण लायनर आणि रिंगा घासायला सुरुवात झालेली असणार. अशा वेळी ऑइल लवकर बदलून प्रश्न सुटत नाही, कारण धूळ येतच राहते. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप उघडून आतून बोट फिरवावं. आत पांढुरकी भुकटी लागली तर फिल्टरच्या पुढे कुठेतरी हवा चोरवाटेने शिरते आहे. बहुतेकदा क्लिप सैल झालेली असते, किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने झोडपून झोडपून फिल्टरचा कागद फाटलेला असतो.

डिपस्टिक रोज सकाळी पाहायची ती रंगासाठी नाही, पातळीसाठी. पातळी हळूहळू उतरणं समजण्यासारखं आहे. ती वर चढली तर गाडी उभी करावी. बीएस-६ टिप्परमध्ये हे जास्त घडतं. काही इंजिनांत डीपीएफ तापवण्यासाठी सिलेंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात, आणि छोट्या खेपांमुळे ती सफाई दरवेळी अर्धवट तुटली की ते डिझेल चेंबरमध्ये साठत जातं. तेव्हा तासांचा हिशेब बाजूला ठेवून ऑइल लगेच बदलावं, आणि कूलंट कमी झालंय का तेही त्याच वेळी पाहावं.

धुळीची वाट बंद केल्यावर पुढचा नमुना ५०० ऐवजी २५० तासांनी घ्यावा. त्यात सिलिकॉन कोऱ्या ऑइलच्या जवळ आलं आणि लोह सावकाश वाढताना दिसलं, तरच पुढची बदली ६०० तासांना ठेवावी.