दरवर्षी एकोणतीस फेब्रुवारी

२०२० च्या टाळेबंदीत श्रीलंकेच्या सरकारने किराणा-औषधांसाठी घराबाहेर पडायचे वार लोकांना ओळखपत्राच्या नंबरावरून वाटून दिले. शेवटचा आकडा १ किंवा २ असेल त्यांनी सोमवारी बाहेर पडायचं, ३ किंवा ४ असेल त्यांनी मंगळवारी, असं करत ९ आणि ० वाल्यांना शुक्रवार. निवड शहाणपणाची होती. नंबर नीट लिहिला गेलाय का हे तपासण्यासाठी तो शेवटचा आकडा जोडलेला असतो, तो बाकीच्या आकड्यांवरून गणिताने निघतो आणि माणसाबद्दल काहीच सांगत नाही. त्यामुळे गर्दी आठवड्याभरात साधारण सारखी विभागली जाते. त्याच्या आधीचे आकडे मात्र भलतेच बोलके आहेत. कार्डावरची अक्षरं पुसट झाली, फोटो ओळखू येईनासा झाला, तरी माणूस कोणत्या दिवशी जन्मला, आज किती वर्षांचा आहे आणि ते कार्ड बाईचं की पुरुषाचं, एवढं नुसत्या नंबरावरून सांगता येतं.

या नंबराची सुरुवात १९६८ सालच्या व्यक्ती नोंदणी कायद्यातून झाली आणि कार्डं प्रत्यक्षात वाटली जाऊ लागली ती १९७२ पासून. जुन्या नंबरात नऊ आकडे आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर असे. पहिले दोन आकडे जन्मवर्षाचे. पुढचे तीन वर्षातल्या दिवसाचे, म्हणजे १ जानेवारी ००१ आणि ३१ डिसेंबर ३६६. नंतरचे तीन त्या दिवसाच्या नोंदींचा अनुक्रमांक, आणि नववा तो तपासणीचा आकडा. अक्षर बहुतेकांच्या कार्डावर V असे, मतदानाला पात्र असल्याची खूण म्हणून. पात्र नसलेल्यांना X मिळे.

दिवस आणि महिना वेगवेगळे लिहायचे तर चार जागा लागल्या असत्या. दिवसाचा क्रमांक तीन जागांत मावतो, आणि तीन जागांत ९९९ पर्यंत आकडे बसत असल्याने अर्ध्याहून जास्त जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेत रचनाकारांनी लिंग बसवलं. बाईचा नंबर असेल तर दिवसाच्या क्रमांकात ५०० मिळवायचे, बस्स. पुरुषांचे आकडे ००१ ते ३६६, बायकांचे ५०१ ते ८६६. मधले ३६७ ते ५०० आणि ८६६ च्या पुढचे आकडे कुणाच्याच नशिबी नाहीत. तिथे असा आकडा दिसला तर नंबर चुकीचा उतरवला गेलाय किंवा बनावट आहे.

एक नंबर वाचून पाहू. सुरुवात आहे ९१६९२. पुढचे आकडे इथे मुद्दाम लिहिलेले नाहीत, कारण लिहिले तर तो कुणातरी खऱ्या बाईंचा नंबर निघायचा. ९१ म्हणजे जन्मसाल १९९१. ६९२ हा पाचशेच्या वर आहे म्हणजे बाई. त्यातून ५०० वजा केले की उरतात १९२. आता वर्षातला एकशे ब्याण्णवावा दिवस कोणता? जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २९, मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, बेरीज १८२. उरले दहा. जन्मतारीख १० जुलै १९९१.

इथे सावध वाचक अडेल, आणि अडायलाच हवं. १९९१ हे लीप वर्ष नव्हतं, मग फेब्रुवारीचे २९ दिवस कुठून आले? साध्या वर्षात जूनअखेर १८१ दिवस होतात आणि एकशे ब्याण्णवावा दिवस येतो ११ जुलैला.

श्रीलंकेच्या नंबरात मात्र फेब्रुवारी दरवर्षी एकोणतीसचाच धरतात. वर्ष लीप असो वा नसो, ०६० हा क्रमांक २९ फेब्रुवारीसाठी राखून ठेवलेला असतो आणि १ मार्चला नेहमी ०६१ मिळतो. बिगरलीप वर्षात ०६० ची खुर्ची रिकामी राहते. या नियमाचं कारण सांगणारी टिपणी सहज कुठे सापडत नाही, पण फायदा उघड आहे. कार्यालयात भिंतीवर एकच तक्ता टांगला की काम भागतं. कारकुनाला जन्मसाल लीप आहे का हे पाहायचं कामच उरत नाही. १० जुलै म्हटलं की १९२, मग साल १९४८ असो नाहीतर १९९१. संगणकाआधीच्या काळात, हजारो अर्ज हाताने निपटताना, ही सोय लहान नव्हती.

या नियमामुळे वय काढणंही फार सोपं होतं. एका तारखेला कायम एकच क्रमांक असल्याने आजच्या तारखेलाही तसाच क्रमांक द्यायचा आणि सरळ वजाबाकी करायची. ९ जुलै २०२५ म्हणजे २०२५१९१. बाईंचा जन्म, पाचशे काढून टाकल्यावर, १९९११९२. वजाबाकी येते ३३९९९. शेवटचे तीन आकडे झाकले की वय ३३. दुसऱ्या दिवशी, १० जुलैला, वजाबाकी होते बरोबर ३४०००. बाईंना चौतिसावं पूर्ण झालं. वाढदिवस झाला की नाही हा वेगळा विचार करावाच लागत नाही. खऱ्या कॅलेंडरचे दिवस मोजले असते तर लीप वर्षांमुळे हीच वजाबाकी एखाद्या दिवसाने फसली असती.

भिंतीवरच्या तक्त्याने सोपं केलेलं काम संगणकाने मात्र अवघड करून ठेवलं. बँक, विमा कंपनी किंवा मोबाइल कंपनीच्या अर्जात नंबर टाकला की जन्मतारीख आपोआप भरली जावी, अशी सोय प्रोग्रामर करायला बसतो. वर्ष आणि दिवसाचा क्रमांक मिळाला की तारीख काढून देणारी तयार आज्ञा बहुतेक संगणकीय भाषांत असते, तो ती वापरतो. ती आज्ञा खरं कॅलेंडर पाळते, त्यामुळे आपल्या उदाहरणातल्या बाई एक दिवसाने उशिरा जन्मतात. मग नंबरावरून निघालेली तारीख जन्मदाखल्यावरच्या तारखेशी जुळत नाही आणि दोष येतो अर्जदाराच्या माथी.

ही चूक चाचणीत सहज निसटते. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांची तारीख बरोबरच येते, कारण घोळ २८ फेब्रुवारीनंतर सुरू होतो. लीप वर्षात जन्मलेल्या सगळ्यांचीही बरोबर येते. प्रोग्रामरने स्वतःचा नंबर टाकून पाहिला आणि तो १९८८ किंवा १९९२ चा निघाला, की काम चोख झालं म्हणून तो मोकळा. चार वर्षांच्या १४६१ दिवसांपैकी ९१८ दिवसांना चूक होते, म्हणजे दर पाचांतल्या तिघांना तिचा फटका बसतो, आणि तरीही ती एखाद्याच्या नजरेतून सुटू शकते. सगळ्यात वाईट अवस्था ३१ डिसेंबरवाल्यांची. त्यांचा क्रमांक ३६६. १९९१ मध्ये तीनशे सहासष्टावा दिवस नव्हताच, म्हणून संगणक एकतर नंबर चुकीचा ठरवतो, नाहीतर माणसाला १ जानेवारी १९९२ ला जन्माला घालतो. एका दिवसाच्या फरकाने जन्मसालच बदललं, आणि जिथे नुसत्या सालावरून वय धरतात तिथे माणूस वर्षाने तरुण झाला.

एखादं सॉफ्टवेअर या बाबतीत शहाणं आहे का, हे पाहायला तीन क्रमांक पुरतात. १९९१ सालासाठी ०६१ दिला तर उत्तर १ मार्च यायला हवं, ३६६ दिला तर ३१ डिसेंबर, आणि ०६० दिला तर नंबर नाकारला जायला हवा. उपायही अवघड नाही. महिना आणि दिवस काढताना कायम २००० सारख्या लीप वर्षाचं कॅलेंडर धरायचं, आणि तारीख हाती आल्यावरच तिला खरं जन्मसाल जोडायचं.

सालाच्या दोन आकड्यांची गोष्ट वेगळी. कार्ड सोळाव्या वर्षी मिळे. १९९९ साली जन्मलेली मुलं २०१५ मध्ये सोळा वर्षांची झाली, तोवर ‘९९’ पुरत होतं. २००० साली जन्मलेल्यांची पाळी २०१६ मध्ये येणार होती, आणि ‘००’ किंवा ‘०५’ वाचून शंभरी गाठलेले आजोबा की त्यांचा पणतू हे कळणार नव्हतं. म्हणून १ जानेवारी २०१६ पासून बारा आकड्यांचा नंबर सुरू झाला. साल पूर्ण चार आकडी, दिवसाचे तीन तसेच, अनुक्रमांक चार आकडी, शेवटी तपासणीचा एक. V आणि X गेले. जुना नंबर नव्या साच्यात बसवायचा तर पुढे १९ लावायचे, अनुक्रमांकाच्या आधी एक शून्य घालायचं आणि शेवटचं अक्षर गाळायचं. पाचशेचा नियम आणि एकोणतीसचा फेब्रुवारी दोन्ही जागच्या जागी राहिले. जुन्या याद्यांमध्ये एकच माणूस दोन रूपांत सापडतो तो या बदलामुळे, आणि बारा आकड्यांचा नंबर एक्सेलमध्ये मजकूर म्हणून नोंदवला नाही तर पडद्यावर दिसतं ते 1.99E+11.

नंबरातली तारीख खरी असतेच असंही नाही. ती कागदावरची तारीख असते. ज्यांच्या जन्माची नोंद कधी झालीच नाही, त्यांना श्रीलंकेत संभाव्य वयाचा दाखला मिळतो. अंदाजाने ठरलेलं वय एकदा नंबरात शिरलं की तेही इतर तारखांइतकंच ठाम दिसू लागतं. लिंगाचंही तसंच. तिथे २०१६ पासून लिंगओळख मान्य करणारं प्रमाणपत्र मिळू लागलं, पण ५०० ची खूण नंबराच्या पोटातच आहे, आणि एखाद्याची नोंद बदलली तर जुना नंबर त्याच्याबद्दल जुनीच माहिती सांगत राहतो. शिवाय कुणाचा वाढदिवस, साल आणि लिंग माहीत असलं की नव्या नंबराचे बारापैकी सात आकडे हाती आलेच. झेरॉक्सवाल्याकडे विसरलेल्या एका प्रतीवरून उलट दिशेनेही तेवढंच कळतं.

आपल्याकडच्या आधारचे आकडेही बाराच, पण घडण नेमकी उलटी. २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलंय की हा क्रमांक यादृच्छिक असावा आणि धारकाच्या ओळखीशी किंवा गुणविशेषांशी त्याचा संबंध नसावा. शेवटचा आकडा तिथेही तपासणीचा, बाकीचे अकरा मुके. कोल्हापुरातल्या बाईंचं वय त्यांच्या आधार क्रमांकावरून काढता येत नाही. त्यासाठी कार्डावर छापलेली जन्मतारीख पाहावी लागते, नाहीतर यंत्रणेला विचारावं लागतं. वीज नाही, नेट नाही, अशा वेळी नुसता नंबर पाहून वय सांगण्याची सोय कोलंबोच्या कारकुनाला आहे, कोल्हापूरच्या नाही.

२०२२ मध्ये श्रीलंकेच्या नव्या डिजिटल ओळख योजनेसाठी अनुदान द्यायचं भारताने मान्य केलं. ती योजना आकार घेत असताना आज तिथल्या लोकांच्या खिशात दोन्ही पिढ्यांचे नंबर आहेत, आणि दोन्हींत १ मार्चचा क्रमांक ०६१ आहे.