मोठा धक्का येणार का?

इटलीतल्या लाक्विला शहराची जमीन २००९च्या जानेवारीपासून सारखी हलत होती. बहुतेक धक्के लहान होते, पण ते थांबायचं नाव घेत नव्हते. त्यातच एका तंत्रज्ञाने जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूच्या मोजमापावरून मोठ्या भूकंपाचं भाकीत केलं आणि घबराट पसरली. ३१ मार्चला सरकारने भूकंपतज्ज्ञांची बैठक थेट लाक्विलातच बोलावली. लोकांचा प्रश्न एकच होता: मोठा धक्का येणार का?

‘माहीत नाही’ हेच शास्त्राचं खरं उत्तर होतं. भूकंपाची जागा, वेळ आणि तीव्रता नेमकी आधी सांगण्याची पद्धत तेव्हा नव्हती, आजही नाही. १७०३ सारखा मोठा भूकंप इतक्यात होण्याची शक्यता कमी आहे, पण तो होणारच नाही असं म्हणता येत नाही, अशा अर्थाचं मत बैठकीच्या इतिवृत्तात आहे. लोकांच्या कानी मात्र वेगळंच पडलं. धोका नाही, उलट लहान धक्क्यांमधून ऊर्जा बाहेर पडते आहे हे चांगलंच, असं नागरी संरक्षण विभागाचे उपप्रमुख बर्नार्डो दे बर्नार्डिनिस यांनी टीव्हीवर सांगितलं. ते जलअभियांत्रिकीतले जाणकार होते. भूकंप हा त्यांचा विषय नव्हता.

ऊर्जा हळूहळू निघून जाते हा समज आपल्याकडेही घट्ट आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडायला हवा. भूकंपाची तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. म्हणजे ६ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघून जायला ४ तीव्रतेचे सुमारे हजार धक्के लागतील, आणि २ तीव्रतेचे तर दहा लाख. लाक्विलातल्या त्या किरकोळ धक्क्यांनी जमिनीतला ताण संपणं शक्यच नव्हतं. उलट, असे धक्के सुरू असताना मोठ्या भूकंपाची शक्यता एरवीपेक्षा थोडी वाढलेली असते.

६ एप्रिलच्या पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ३०९ माणसं गेली. त्या रात्री आधी दोन ठळक धक्के बसले होते. अशा वेळी घराबाहेर पडून उघड्यावर रात्र काढायची तिथली जुनी रीत. टीव्हीवरच्या दिलाशामुळे आमची माणसं घरातच थांबली, असं मृतांच्या नातेवाइकांनी न्यायालयात सांगितलं. २०१२ मध्ये सात जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने सहा शास्त्रज्ञांना निर्दोष सोडलं आणि दे बर्नार्डिनिस यांची शिक्षा दोन वर्षांवर आणली. भूकंप आधी न सांगितल्याबद्दल शास्त्रज्ञांना शिक्षा झाली, असं जगभर छापून आलं. खटला खरं तर खोट्या दिलाशाबद्दल होता.

मग त्या दिवशी काय सांगायला हवं होतं? नुसतं ‘माहीत नाही’ म्हणून माइक खाली ठेवला असता, तर लोक पुन्हा रेडॉनवाल्याकडेच गेले असते, आणि त्यात त्यांचा दोष नसता. माझ्या मते उत्तर असं हवं होतं: “मोठा धक्का येईल की नाही, हे मला सांगता येत नाही आणि जगात कुणालाच येत नाही. धक्क्यांची अशी मालिका बहुतेक वेळा मोठ्या भूकंपाविना विरते. तरीही आजचा धोका नेहमीच्या दिवसापेक्षा जास्त आहे. हा भाग भूकंपप्रवणच आहे आणि तुमची दगडी घरं जुनी आहेत. घराबद्दल शंका असेल तर बाहेर झोपा.” यात अज्ञान कुठे सुरू होतं ते स्पष्ट आहे, आणि त्याच्या अलीकडचं सगळं ठामपणे सांगितलेलं आहे. पुढे भूकंप झाला असता किंवा नसता, तरी या उत्तरातलं एकही वाक्य मागे घ्यावं लागलं नसतं.

कॅलिफोर्नियातले भूकंपतज्ज्ञ अनेक वर्षं असंच बोलत आले आहेत. मध्यम भूकंप झाला की ते सांगतात, येत्या काही दिवसांत याहून मोठा येण्याची शक्यता साधारण शंभरात पाच आहे. पंचाण्णव वेळा काहीच होत नाही, तरी पुढच्या खेपेला लोक त्यांचं ऐकतात, कारण ‘येणार’ असं ते कधी म्हणालेलेच नसतात. हा आकडा तिथल्या जुन्या नोंदींवरून काढलेला आहे. तो उचलून महाराष्ट्राला लावणं चूक ठरेल.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपाआधी, १९९२ मध्ये, त्या भागात धक्के जाणवले होते. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा गावकरी थंडीत तंबूंमध्ये झोपले. पहिल्या ठिकाणी अनर्थ झाला. दुसरीकडे महिनोन्महिने धक्के बसत राहिले, पण तसा भूकंप आला नाही. सुरुवातीच्या धक्क्यांकडे पाहून दोन्हींतला फरक कुणाला सांगता आला नसता. अशा गावात तज्ज्ञ आला तर त्याला ‘येणार का?’ याच्या पुढचे प्रश्न विचारावेत: हे कशावरून म्हणता? आणि यातलं काय तुम्हाला मोजता येत नाही? ज्याला विषय कळतो तो दुसऱ्या प्रश्नाला न अडखळता उत्तर देतो. मग त्याला घराच्या भिंती दाखवाव्यात, कारण त्यांच्याबद्दल तो खात्रीने बोलू शकतो.