घसारा एकदा की दोनदा?

22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण बुडालं. खेर्डीच्या औद्योगिक वसाहतीतही पाणी शिरलं. त्या पाण्यात सापडलेल्या एका सीएनसी लेथचा हिशेब इथे मांडतो. कारखानदार आणि आकडे समजण्यापुरते घेतलेत. पण यंत्राच्या विम्यात भांडण कुठे होतं, हे त्यातून नेमकं दिसतं.

लेथ 2016 साली 18 लाखांना घेतलेला. तसाच नवा लेथ 2021 मध्ये 24 लाखांना मिळत होता. विम्याची रक्कम 22 लाख. पॉलिसी त्याच वर्षी मे महिन्यात ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या नव्या नमुन्यात नूतनीकरण केलेली, आणि शेड्यूलवर यंत्रासमोर ‘रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यू’ असं लिहिलेलं. लेथ कंट्रोल पॅनेलपर्यंत गढूळ पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसवाल्यांनी दुरुस्तीचं कोटेशन दिलं 9 लाख 40 हजारांचं, जीएसटी सोडून. दुसरं कोटेशन एका स्वतंत्र दुरुस्तीवाल्याचं, 8 लाख 90 हजारांचं. दोन्ही सर्व्हेअरला दिली, त्याची पोच घेतली.

अंतिम अहवालात नुकसान निघालं 2 लाख 22 हजार. कोटेशनांचा उल्लेख ‘सोबत जोडलेली कागदपत्रे’ या यादीत एका ओळीत होता, तेवढाच.

अशा वेळी माणूस संतापतो आणि पत्र लिहितो: ‘आपण ठरवलेली रक्कम अत्यंत तुटपुंजी असून आम्हाला मान्य नाही.’ अशी पत्रं मी बरीच पाहिली आहेत. त्यांचं उत्तर बहुधा एकाच वाक्यात येतं: सर्व्हेअरचा अहवाल स्वतंत्र असून आम्ही तो ग्राह्य धरला आहे. विषय संपला. कारण रक्कम कमी आहे ही तक्रार असते, हरकत नव्हे. हरकत रकमेवर नाही, रकमेपर्यंत पोचण्याच्या वाटेवर घ्यायची असते.

हा फरक सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतूनच येतो. 2009 साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे. विमेदार हा निकाल मोठ्या आनंदाने पत्रात टाकतात. पण 2021 मध्ये खटेमा फायबर्सच्या खटल्यात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली. सर्व्हेअरने आपली कर्तव्यं आणि आचारसंहिता पाळली असेल, अहवाल मनमानी नसेल, तर ग्राहक आयोगाने त्याच्या जागी स्वतःचा हिशेब मांडत बसू नये. म्हणजे सर्व्हेअर कुठे चुकला हे दाखवता आलं तरच दार उघडतं.

म्हणून आधी अहवालाची प्रत मागायची आणि मूल्यांकनाचा तक्ता समोर घ्यायचा. आपल्या लेथच्या तक्त्यात असं होतं. दोन सर्व्हो मोटर 1 लाख 60 हजार आणि स्पिंडल मोटरचं रिवाइंडिंग व बेअरिंग 1 लाख 35 हजार, हे कोटेशनप्रमाणेच मान्य. कंट्रोलरची कार्डं बदलायला मागितले होते 2 लाख 60 हजार. ‘साफसफाईने चालू होतील’ म्हणून दिले 40 हजार. दोन ड्राइव्हचे मागितले 1 लाख 90 हजार. दुरुस्तीपोटी दिले 60 हजार. बॉल स्क्रू आणि गाइडचे 1 लाख 10 हजार ‘नेहमीची झीज’ म्हणून पूर्ण नामंजूर. मजुरी आणि कॅलिब्रेशन 85 हजारांवरून 45 हजारांवर. बेरीज 4 लाख 40 हजार.

त्यावर 40 टक्के घसारा. उरले 2 लाख 64 हजार. मग विम्याची रक्कम 22 लाख आणि नवी किंमत 24 लाख, म्हणजे विमा कमी उतरवलेला, म्हणून त्याच प्रमाणात कपात. उरले 2 लाख 42 हजार. त्यातून मोडीचे, म्हणजे सॅल्व्हेजचे, 20 हजार वजा.

खरी गोम शेवटून दुसऱ्या पायरीत आहे, आणि ती पहिल्या वाचनात सहसा दिसत नाही. घसारा लावताना सर्व्हेअरने लेथ जुना धरला. विमा कमी आहे का हे पाहताना मात्र तोच लेथ नवा धरला. दोन्ही एकाच वेळी कसं चालेल? पॉलिसी रीइन्स्टेटमेंटची असेल, तर तुलना नव्या किमतीशी बरोबर आहे, पण मग दुरुस्तीच्या सुट्या भागांवर घसारा नको. उलट बाजारमूल्य धरायचं असेल तर घसारा लावा, पण मग तुलनाही घसारा लावलेल्या किमतीशी करा. 24 लाखांतून 40 टक्के गेले तर लेथची किंमत 14 लाख 40 हजार होते. विमा 22 लाखांचा, म्हणजे कमी उतरवल्याचा प्रश्नच नाही. दोन्हींपैकी कुठलीही पद्धत घेतली तरी अहवालातला आकडा येत नाही.

शिवाय या पॉलिसी नमुन्यात विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ती कपात माफ आहे. इथे तफावत 8 टक्क्यांच्या थोडी वर. म्हणजे ही कपात नियमानेच उडते.

घसाऱ्याचा आकडा आला कुठून, हेही विचारायला हवं. पुष्कळदा तो कंपनीच्या ताळेबंदातून उचललेला असतो. प्राप्तिकरासाठी यंत्रांवर साधारण 15 टक्के दराने घसारा धरतात. पण तो कर वाचवण्याचा हिशेब आहे, यंत्राच्या आयुष्याचा नाही. नीट सांभाळलेला लेथ त्या कागदावर जवळजवळ शून्याला आला तरी रोज दोन पाळ्यांत चालतो. इर्डाईच्या 2015 च्या सर्व्हेअरविषयक नियमांत घसाऱ्याची टक्केवारी आणि रक्कम सुचवणं हे सर्व्हेअरच्या कर्तव्यांमध्ये आहे. त्याच यादीत विमेदाराच्या शंकांचं समाधान करणं हेही आहे. पत्रात या दोन्ही कर्तव्यांचा उल्लेख करून सरळ विचारावं: 40 टक्के कोणत्या आधारावर?

आता कोटेशनांकडे येऊ. इथे आपल्याच बाजूने थोडं कडू बोलायला हवं. सर्व्हेअर कोटेशनांवर विश्वास ठेवत नाहीत याला कारणं आहेत. अनेक कोटेशनांत ‘इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती, एकरकमी’ एवढंच असतं. पार्ट नंबर नसतो, जीएसटी आत मिसळलेला असतो, आणि जुन्या कंट्रोलरच्या जागी पुढच्या पिढीचा कंट्रोलर हळूच घातलेला असतो. जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळणार असेल तर तेवढी रक्कम सर्व्हेअर वगळतो, आणि ते योग्यच आहे. नव्या मॉडेलचा जादा खर्चही विम्यात बसत नाही. तेव्हा हरकतीचं पत्र लिहिण्याआधी कोटेशन पुन्हा मागवून घ्यावं: प्रत्येक भागाचा नंबर, किंमत, मजुरी आणि कर वेगवेगळे.

एवढं करूनही अहवाल कोटेशनाबद्दल गप्प असेल, तर तो खरा दोष. कोटेशन नाकारण्याचा सर्व्हेअरला हक्क आहे, पण का नाकारलं हे त्याने सांगायला हवं. कंट्रोलरच्या कार्डांबद्दल पत्रात असा मजकूर हवा:

‘अनुक्रमांक 3: कार्डे साफसफाईने पूर्ववत होतील असे अहवालात म्हटले आहे. ही चाचणी कोणी, कधी व कोणत्या उपकरणाने घेतली याची नोंद अहवालात नाही. सोबत सर्व्हिस इंजिनिअरचा तपासणी अहवाल जोडला आहे. त्यानुसार तीनपैकी दोन कार्डांवर गंज असून साफ केलेल्या कार्डांना उत्पादक हमी देत नाही. 40 हजार रुपयांत हे काम हमीसह करून देणाऱ्या दुरुस्तीकाराचे कोटेशन सर्व्हेअर यांनी कृपया द्यावे.’

शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी. सर्व्हेअरचा आकडा खरा असेल, तर त्या पैशांत काम करणारा कुणीतरी असायलाच हवा. मोटर आणि ड्राइव्हच्या बाबतीत इन्सुलेशनची मेगर चाचणी घेऊन तिचे आकडे आणि तारीख जोडावी. पाणी शिरल्याचं सर्वांनाच मान्य असतं. त्याने नेमकं काय बिघडवलं, हे चाचणीच सांगते.

बॉल स्क्रूबाबत मात्र मी जोर लावला नसता. पाच वर्षांच्या लेथमध्ये थोडी झीज असतेच. पुराआधीची देखभालीची नोंद किंवा शेवटच्या कॅलिब्रेशनचा कागद असेल तर मागणी ठेवावी. नसेल तर काही भाग सोडावा आणि पत्रात तसं लिहावं. एका कलमावर नमतं घेतलेलं पत्र बाकीच्या चार कलमांवर जास्त गंभीरपणे वाचलं जातं.

पत्र लिहायचं ते विमा कंपनीच्या क्लेम विभागाला. सर्व्हेअरला फक्त प्रत. यामागे कायदा आहे. मोठ्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्व्हेअरकडून करून घेणं 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 64 यूएमने बंधनकारक केलं आहे, पण सर्व्हेअरच्या आकड्यापेक्षा वेगळ्या रकमेवर दावा मिटवण्याचा कंपनीचा अधिकार तेच कलम राखून ठेवतं. ‘सर्व्हेअरने ठरवलं, आमच्या हातात काही नाही’ हे उत्तर म्हणून टिकत नाही. पत्रात तीन गोष्टी मागाव्यात: सर्व्हेअरकडून कलमवार खुलासा किंवा पूरक अहवाल, गरज असल्यास यंत्राची फेरपाहणी, आणि वाद नसलेली रक्कम तोवर अदा करणं.

ती रक्कम देताना कंपनी ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या व्हाउचरवर सही मागेल. सहीखाली ‘हक्क राखून, हरकतीसह’ असं लिहावं आणि त्याच दिवशी तसा ईमेल करावा. दबाव किंवा फसवणुकीने घेतलेली सही दावा बुडवत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये युनायटेड इंडिया विरुद्ध अजमेर सिंग कॉटनच्या निकालात म्हटलं आहे; पण दबाव सिद्ध करत बसण्यापेक्षा चार शब्द लिहिणं सोपं.

कंपनीने महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर एकमालकीचा धंदा किंवा सूक्ष्म उद्योग असलेल्यांना विमा लोकपालाकडे जाता येतं. 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, वकील लागत नाही, आणि मुंबई व पुण्यात कार्यालयं आहेत. मुदत एक वर्षाची. ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची. धंद्यासाठी उतरवलेल्या विम्याचा विमेदारही ग्राहक ठरू शकतो, हे हर्सोलिया मोटर्सच्या 2023 च्या निकालाने स्पष्ट केलं आहे.

आणि एक. दुरुस्तीत काढलेली कार्डं, ड्राइव्ह, बेअरिंग भंगारात घालू नका. प्रत्येकाला चिठ्ठी लावून, फोटो काढून एका खोक्यात ठेवा. फेरपाहणीला आलेला माणूस पहिल्यांदा तेच मागतो.