हेलिकॉप्टरने गेलं तरी उंची तेवढीच

केदारनाथला जायचं ठरलं की हृदयरोग्याच्या घरात पहिली सूचना येते ती हेलिकॉप्टरची. चढण वाचते, हे खरं. गौरीकुंडापासूनची 16-18 किलोमीटरची दमछाक टळते. पण देऊळ 3,583 मीटरवर आहे आणि तिथे दर श्वासाला समुद्रकाठापेक्षा साधारण एक तृतीयांश ऑक्सिजन कमी मिळतो. गुप्तकाशी-फाट्याकडून काही मिनिटांत वर पोचणाऱ्या शरीराला त्याची सवय व्हायला वेळच मिळत नाही. चालत जाणाऱ्याला निदान तो थोडा तरी मिळतो.

समजा, नाशिकचं एक जोडपं निघालं आहे. काकांची अँजिओप्लास्टी झालेली, काकूंना दमा. आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि होकार. मग एक रात्र गुप्तकाशीला, दुसरी गौरीकुंडाला, आणि त्यानंतरच चढण. काका बीटा-ब्लॉकर घेत असतील तर त्यांची नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नये. चालता चालता सलग वाक्य बोलता येतंय का, एवढं पाहावं. येत नसेल तर बसावं.

काकूंचं दुखणं वेगळं. वाटेवर खेचरांची वर्दळ, वाळलेल्या लिदीची धूळ, वर बोचरी थंडी. नाकातोंडावरून मफलर घेतला की धूळ अडते आणि आत जाणारी हवा थोडी कोमट होते. निळा पंप बॅगेत न ठेवता आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. गार डब्यातून फवारा नीट येत नाही. रोजचा प्रतिबंधक पंप मात्र चुकवायचा नाही, बरं वाटत असलं तरी.

औषधं घोळतात ती सामानामुळे. पिट्ठू बॅग घेऊन पुढे निघून जातो आणि गोळ्याही त्याच्याबरोबर जातात. म्हणून गरजेच्या दुप्पट औषधं घेऊन दोन ठिकाणी विभागावीत. एक वाटा अंगावरच हवा. लघवीची गोळी प्रवासात टाळायची, हा तर आपल्याकडचा सर्रास प्रकार. बस थांबत नाही म्हणून गोळी बंद होते, अंगात पाणी साठतं, आणि वर लागलेली धाप उंचीची की हृदयाची हे कळेनासं होतं.

वाटेवर वैद्यकीय मदत केंद्रं असतात; चढताना ती कुठे आहेत हे बघत जावं. पण अँजिओप्लास्टीची खात्रीची सोय ऋषिकेशच्या एम्समध्ये, गौरीकुंडापासून दोनशेहून अधिक किलोमीटर खाली. ढग उतरले की हेलिकॉप्टर उडत नाही. दुकानातला ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो.

त्यामुळे काकांच्या छातीत दाब आला, तर बसून डॉक्टरांनी सांगितलेली जिभेखालची गोळी घ्यायची. पाच मिनिटांत उतार नसेल तर मदत बोलवायची. काकूंना पंप घेऊनही चार तासांच्या आत पुन्हा लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर डॉक्टर गाठून खाली उतरायचं, देऊळ समोर दिसत असलं तरीही.