रेल फेन्स संकेतलिपीची उकल : संदेशाच्या लांबीवरून नागमोडी मांडणीची पुनर्रचना

बीजशब्द : संकेतलिपी, स्थानांतर, आवर्तन, अक्षरसंख्या, नागमोडी मांडणी

प्रस्तावना

संकेतलिपीचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजले जाते. दुसऱ्या प्रकारात अक्षरे तीच राहतात, केवळ त्यांच्या जागा बदलतात. या दुसऱ्या, म्हणजे स्थानांतर प्रकारातील सर्वांत सोपी पद्धत म्हणजे रेल फेन्स होय. अमेरिकेतील शेतांभोवती लाकडी वासे नागमोडी रचून जी कुंपणे घालीत, त्यांवरून हे नाव रूढ झाले. या पद्धतीने संदेश कसा दडवावा हे बहुतेक पुस्तकांतून सांगितले जाते. तो उलगडावा कसा याचे विवेचन मात्र एकदोन वाक्यांत आटोपते. वस्तुतः उकल करणाऱ्यासमोर नागमोडी आकृती नसते, केवळ अक्षरांची एक सलग रांग असते. त्या रांगेची लांबी आणि ओळींची संख्या या दोनच गोष्टींवरून संपूर्ण आकृती पुन्हा कशी उभी करता येते, हे प्रस्तुत लेखात एका मराठी उदाहरणाच्या आधारे स्पष्ट केले आहे.

कूटसंदेशाची रचना

‘उद्या पहाटे नदीपलीकडे भेटा सोबत कागद आणा’ हा मूळ संदेश घेऊ. शब्दांमधील मोकळ्या जागा वगळून आणि जोडाक्षर एकच अक्षर धरून मोजल्यास यात 21 अक्षरे भरतात. ही अक्षरे चार ओळींत लिहावयाची आहेत. पहिले अक्षर पहिल्या ओळीत, दुसरे दुसऱ्या ओळीत, याप्रमाणे चौथ्या ओळीपर्यंत उतरावे. तेथून तिसरी, दुसरी असे वर चढत पुन्हा पहिल्या ओळीत यावे. अशा रीतीने पुढील मांडणी तयार होते :

पहिली ओळ : उ दी टा द
दुसरी ओळ : द्या न प भे सो ग आ
तिसरी ओळ : प टे ली डे ब का णा
चौथी ओळ : हा क त

या ओळी एकापुढे एक लिहून पाच-पाच अक्षरांचे गट पाडले की कूटसंदेश मिळतो : उदीटादद्या नपभेसोग आपटेलीडे बकाणाहाक त. गटांमधील अंतर केवळ मोजणीच्या सोयीसाठी आहे. मूळ ओळ कोठे संपली याची कोणतीही खूण त्यात उरत नाही.

लांबीवरून ओळींची विभागणी

उकल करणाऱ्याने प्रथम आवर्तन काढावे. पहिल्या ओळीतून निघून पुन्हा तेथे पोहोचेपर्यंत जितकी अक्षरे लिहिली जातात, तितके आवर्तन असते. ओळींच्या संख्येतून एक वजा करून दुप्पट केली की ही संख्या मिळते. चार ओळींसाठी ती 2 × (4 − 1) = 6 आहे.

आता 21 ला 6 ने भागल्यास 3 पूर्ण आवर्तने आणि बाकी 3 मिळते. प्रत्येक पूर्ण आवर्तनात सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या ओळीला एकेक अक्षर येते. मधल्या ओळींतून मात्र उतरताना एकदा व चढताना एकदा जावे लागत असल्याने त्यांना दोन-दोन अक्षरे मिळतात. म्हणून तीन आवर्तनांत चार ओळींना अनुक्रमे 3, 6, 6, 3 अक्षरे मिळतील. उरलेली 3 अक्षरे उतरत्या क्रमाने पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या ओळीत एकेक पडतील. (बाकी ओळींच्या संख्येहून मोठी, समजा 5, असती तर पाचवे अक्षर वर वळून तिसऱ्या ओळीत गेले असते.) अंतिम विभागणी 4, 7, 7, 3 अशी होते आणि तिची बेरीज 21 येते.

यानंतर कूटसंदेशातील पहिली 4, पुढील 7, त्यापुढील 7 व शेवटची 3 अक्षरे वेगळी काढावीत. हे चार तुकडे म्हणजेच वर दिलेल्या चार ओळी होत. त्यांतील पुढचे न वापरलेले अक्षर 1, 2, 3, 4, 3, 2 या ओळींच्या क्रमाने उचलत गेल्यास उ, द्या, प, हा, टे, न, दी असा मूळ संदेश प्रकट होतो.

चूक कोठे झाली हे कसे ओळखावे?

सर्व विभागणी लांबीवर अवलंबून असल्याने एका अक्षराची चूकही महागात पडते. परंतु चुकीचे स्वरूप तिचे स्थान सांगून जाते. समजा, कूटसंदेशाचे शेवटचे ‘त’ गहाळ झाले. लांबी 20 धरून विभागणी 4, 7, 6, 3 अशी होईल आणि ‘उद्यापणाटेनदीपलीहाडेभेटासोबककागदआ’ असा मजकूर मिळेल. येथे 4, 10 व 16 या स्थानांवरील अक्षरे चुकली आहेत, तसेच शेवटचे ‘णा’ नाहीसे झाले आहे. दर सहा अक्षरांनी येणारी चूक चौथ्या ओळीकडे बोट दाखविते.

याउलट पहिल्या ओळीतील ‘दी’ गहाळ झाल्यास पुढील सर्व तुकडे सरकतात व ‘उनटेहालीपटाभेडे’ असा निरर्थक आरंभ होतो. तथापि चौथी ओळ रांगेच्या शेवटून मोजली तरी तीच राहत असल्याने ‘हा’, ‘क’, ‘त’ आपापल्या जागी योग्यच असतात.

ओळींची संख्याच ठाऊक नसेल तर 2 पासून 20 पर्यंतच्या 19 शक्यता तपासाव्या लागतात. 21 किंवा अधिक ओळी घेतल्यास संदेश बदलतच नाही. तीन ओळी गृहीत धरल्यास विभागणी 6, 10, 5 होते आणि ‘उपकाभेदीसोणागटा’ असे वाचन निघते. त्यात योगायोगाने ‘भेदी’ हा शब्द दिसतो. म्हणून एखाद्या शब्दावर समाधान न मानता सलग वाक्य लागते का, हे पाहणे आवश्यक ठरते.

देवनागरीतील मोजणीचा प्रश्न

रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक चिन्ह असल्याने लांबीविषयी फारसा संभ्रम होत नाही. देवनागरीत मात्र ‘अक्षर’ कशास म्हणावे हे आधी ठरवावे लागते. संगणकातील युनिकोड पद्धतीत मात्रा आणि हलन्त यांना स्वतंत्र संकेतांक असतात. ‘द्या’ हे एक अक्षर तेथे द, हलन्त, य व काना अशा चार घटकांचे होते. त्या हिशेबाने उपरोक्त संदेशाची लांबी मोकळ्या जागा वगळूनही 34 होते आणि विभागणी 6, 11, 11, 6 अशी निघते. संदेश अक्षरांनी रचला असताना या घटकांवरून उकल केल्यास मात्रा आपल्या व्यंजनापासून तुटून भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात. निकालात सुट्या मात्रा व लोंबकळणारे हलन्त दिसू लागले, तर दोष किल्लीचा नसून मोजणीचा आहे असे समजावे.

निष्कर्ष

रेल फेन्सची खरी किल्ली एकटी ओळींची संख्या नसून ओळींची संख्या व लांबी यांची जोडी आहे. पाठविणाऱ्याने अखेरीस तीन निरर्थक अक्षरे जोडून संदेश 24 अक्षरांचा केला असता, तर विभागणी 4, 8, 8, 4 अशी बाकीविना झाली असती. शिवाय हाती 23 अक्षरे आल्यास एक गहाळ झाल्याचे घेणाऱ्याला तत्काळ कळले असते. उकलीचा आरंभ म्हणूनच आकृती रेखाटण्याने नव्हे, तर काळजीपूर्वक मोजणीने करावा.