वजनाने ताणलेला, पुलीवर वाकलेला

क्रेनचा वायर रोप तुटला की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: वजन किती होतं? पुष्कळदा ते ठरलेल्या मर्यादेच्या आतच निघतं. मग दोर का तुटला हे कळायला तो ज्या पुलीवरून धावत होता ती पुली बघावी लागते.

नेहमीच्या वापरातला १६ मिलिमीटर जाडीचा दोर घ्या. त्यात सहा पदर आणि प्रत्येक पदरात १९ तारा असतात. बाहेरची तार साधारण एक मिलिमीटर जाड असते. असा दोर सुमारे १५ टनांना तुटतो, म्हणून पाचपट सुरक्षितता धरून त्यावर तीन टनच लावायचे. आता दोर कापून टोकाकडून पाहिला, तर मधल्या फटी आणि गाभा वगळून निव्वळ पोलाद भरतं साधारण १०० चौरस मिलिमीटर. म्हणजे तीन टन वजनाने दर चौरस मिलिमीटरला ३० किलो ताण येतो. या तारा १७०-१८० किलो सोसणाऱ्या असतात. हिशेब अगदी निर्धास्त वाटतो.

हा दोर २८८ मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या जाडीच्या १८ पट व्यासाच्या पुलीवरून वळतो. वळताना प्रत्येक तारेची बाहेरची कड ताणली जाते, आतली दाबली जाते. किती? तारेची जाडी भागिले पुलीचा व्यास. इथे ते प्रमाण एकास २८८, म्हणजे हजारात साडेतीन भाग. पोलाद हजारात एक भाग ताणायला चौरस मिलिमीटरला २० किलो लागतात. म्हणजे नुसत्या वाकण्याने तारेच्या कडेवर ७० किलोंचा ताण आला. वजनाने आलेल्या ताणाच्या दुपटीहून जास्त! हाच दोर ६४० मिलिमीटरच्या पुलीवर घातला तर हा आकडा ३० च्या आसपास उतरतो. १६० च्या पुलीवर तो १२५ वर जातो.

हे समीकरण जर्मन अभियंते फ्रान्झ रूलो यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यात मळसूत्रासारखी पिळलेली तार सरळ धरली आहे आणि तारांचं एकमेकींवरचं घर्षण सोडून दिलं आहे. त्यामुळे आकडा नेमका नसतो, पण दोन पुल्यांची तुलना करायला तो चांगला उपयोगी पडतो. एक गोष्ट मात्र त्यातून स्वच्छ दिसते: वाकण्याच्या हिशेबात वजन कुठेच नाही. दीड टन उचला, वजनाचा ताण निम्मा होतो, वाकण्याचा तेवढाच राहतो.

पदर मुळात वळायचे कशासाठी, तेही इथेच उलगडतं. १६ मिलिमीटरची भरीव सळई याच पुलीवर वाकवली तर तिची बाहेरची कड साडेपाच टक्के ताणली जाईल आणि ती कायमची वाकडी होईल. दोरातली तार मात्र पिळामुळे थोड्याच अंतरात पुलीच्या बाहेरच्या बाजूकडून आतल्या बाजूला येते. बाहेर जेवढी लांबी कमी पडते तेवढी आत शिल्लक उरते, आणि तार किंचित सरकून हा हिशेब मिटवते. म्हणून ग्रीस बाहेरून दिसण्यापेक्षा आत पोचलेलं असणं महत्त्वाचं. ते सुकलं किंवा आत गंज धरला की तारा एकमेकींना अडवतात आणि दोर सळईसारखा वागू लागतो.

बारीक तारांनी वाकण्याचा ताण कमी होतो, पण त्या घासून आणि गंजून लवकर संपतात. म्हणून खाणीत, चिखलात जाड तारांचा दोर आणि मोठी पुली हीच जोडी टिकते. लिफ्टमध्ये पुलीचा व्यास दोराच्या निदान ४० पट असावा असं युरोपीय मानक सांगतं. जागा वाचवायला पुली लहान हवी असेल तर तारही बारीक करावी लागते. ओटिस कंपनीने २००० साली आणलेल्या जेन-टू लिफ्टमध्ये बारीक पोलादी तारांचे गोफ पॉलियुरेथेनच्या चपट्या पट्ट्यात बसवले, म्हणून ती सुमारे १०० मिलिमीटरच्या पुलीवर चालते.

वर आपण १६० च्या पुलीवर आलो तेव्हा दोन्ही ताणांची बेरीज झाली १५५ किलो. तार तरीही लगेच तुटत नाही. ती दर फेरीला वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते, आणि हजारो फेऱ्यांनंतर कडेवर बारीक चीर पडते. एका पुलीवर खाली वळून लगेच पुढच्या पुलीवर उलट वळणारा दोर तर आणखी लवकर थकतो.

तुटलेल्या तारेचं टोक हे ओळखायला मदत करतं. अतिवजनाने ओढून तुटलेली तार तुटण्याआधी बारीक होते, टोकाशी निमुळती दिसते. थकून तुटलेल्या तारेचं टोक पूर्ण जाडीचं, बोथट असतं. म्हणून अनुभवी तपासनीस दोर सैल असताना तो हलका वाकवून बघतो. सरळ दोरात लपलेली टोकं तेव्हा उभी राहतात. हात लावताना जाड हातमोजे हवेतच. ठरावीक लांबीत किती तारा तुटल्या की दोर बाद करायचा, याच्या मर्यादा आयएसओ ४३०९ या मानकात दिल्या आहेत. मात्र पदरांच्या मधल्या खाचेत तुटलेल्या तारा दिसल्या तर मोजणीत थांबून चालत नाही, कारण आतही तशाच तुटल्या असण्याची शक्यता मोठी असते.

तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर तर दोर तुटायची वाट पाहतच नाहीत. त्याने किती वजन किती अंतर वाहिलं याची नोंद ठेवतात आणि ठरलेला आकडा गाठला की रिळावरून काही मीटर नवा दोर पुढे सरकवतात. जे भाग पुलीवर पुन्हा पुन्हा वाकत होते ते जागा बदलतात. काही काळाने ड्रमकडचा वापरलेला तुकडा कापून टाकतात आणि उरलेला दोर पुन्हा कामाला लागतो.